गॅसवर दूध ठेवून आलेय

फ्लॅट घेताना माणूस सगळं बघतो. पाणी किती वाजता येतं, पार्किंगमध्ये खांब आडवा येतो का, देवघर कुठल्या भिंतीला बसेल. वरच्या मजल्यावर कोण राहतं आणि ते रात्री किती वाजता जेवतं, हे मात्र कोणी विचारत नाही. वास्तविक पुढची वीस-पंचवीस वर्षं आपली झोप त्याच मंडळींच्या हातात असते. नेमकं सांगायचं तर त्यांच्या खुर्च्यांच्या पायांत असते.

आम्ही चिंचवडला राहतो. आमच्या डोक्यावर राहणारे काका-काकू ही देवमाणसं आहेत, आणि सगळी अडचण तिथेच आहे. भांडखोर शेजाऱ्याशी निदान भांडता तरी येतं. पण जी बाई दिवाळीला अनारसे पाठवते, आपण गावाला गेलो की आपल्या कुंड्यांना पाणी घालते आणि आपल्या मुलीच्या बारावीच्या निकालाला आपल्याआधी रडते, तिला जाऊन "रात्री बारा वाजता तुमच्याकडे काय चालतं?" असं कसं विचारणार?

रात्री बारा वाजता त्यांच्याकडे जेवण चालायचं. त्यांचा मुलगा चाकणला कारखान्यात आहे. सेकंड शिफ्ट सुटून कंपनीची बस त्याला चौकात सोडते तेव्हा पावणेबारा झालेले असतात. लेक दमून आलाय, त्याने एकट्याने जेवायचं नाही, हा काकूंचा कायदा. त्यामुळे काका, काकू आणि सून तिघंही त्याच्यासोबत टेबलाशी बसतात. चार लोखंडी खुर्च्या मागे ओढल्या जातात, मग पुढे ओढल्या जातात. मध्येच कोणीतरी लोणच्याची बरणी आणायला उठतं. कधी काकूंना आठवण होते की याला ताजी लसणाची चटणी आवडते. मग खलबत्ता खाली येतो. म्हणजे त्यांच्या फळीवरून ओट्यावर येतो, आणि आमच्याकडे ओट्यावरून थेट कवटीत.

अशा वेळी सभ्य माणसं काय काय करतात, याचा माझा चांगला अभ्यास झाला आहे, कारण आमच्या सोसायटीत सगळे सभ्यच आहेत.

सगळ्यात जुना प्रकार म्हणजे जळमटं काढायच्या काठीने छताला ठोकणे. याने आपल्या मनाला थोडं बरं वाटतं, पण वरच्याला काहीच कळत नाही. त्याला वाटतं खालच्यांकडे एवढ्या रात्री कोणीतरी खिळे मारतंय. तो दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटून काळजीने विचारतो, "काय, फर्निचरचं काम काढलंय वाटतं?"

नवा प्रकार म्हणजे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "सर्व सदस्यांना नम्र विनंती" टाकणे. यात कोणाचंही नाव घ्यायचं नाही, हा शिष्टाचार असतो. परिणामी ज्याच्यासाठी ती लिहिली तो सोडून बाकी सगळ्यांना ती आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटतं. ज्याच्यासाठी लिहिली तो मात्र सर्वांत आधी अंगठा उंचावतो आणि खाली लिहितो, "अगदी बरोबर. हल्ली लोकांना दुसऱ्याचा विचारच नसतो."

तिसरा प्रकार कायद्याचा. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे केंद्र सरकारचे नियम आहेत. त्यानुसार रात्री दहा ते सकाळी सहा ही 'रात्र', आणि निवासी भागात त्या वेळची मर्यादा ४५ डेसिबल. हे वाचलं की माणसाला एकदम बळ येतं. तो मोबाइलवर डेसिबल मोजायचं ॲप घेतो आणि अंधारात फोन छताकडे धरून बसतो. पण त्या नियमातला आकडा हा ठरावीक वेळेतल्या आवाजाची सरासरी असतो. डीजे तास-दोन तास वाजला तर सरासरीत सापडतो. खुर्ची दोन सेकंद किंचाळते आणि मग पाच मिनिटं शहाण्यासारखी उभी राहते. सरासरी काढली की ती निर्दोष सुटते. झोप मात्र सरासरीने मोडत नाही, त्या दोन सेकंदांनीच मोडते.

आणि समजा कायदा आपल्या बाजूने उभा राहिला, तरी करणार काय? ११२ ला फोन लावला, दोन पोलीस आले, त्यांनी बेल वाजवली आणि आत बघितलं तर एक कामगार आपल्या आईसमोर बसून भाकरी खातोय. त्या दृश्यानंतर जिन्यात आपल्याकडे कोण बघेल?

आपल्या समाजात यावर एक चौथा मार्ग सांगितला जातो. "अहो, सरळ वर जाऊन बोला ना." हा सल्ला देणारे स्वतः कधी वर गेलेले नसतात. कारण आपण तक्रार करायला म्हणून वर जातो, आणि दार उघडल्याबरोबर समोरचा म्हणतो, "अरे वा! या, या. बसा." इथे अर्धी लढाई हरलेली असते. बसलेला माणूस तक्रार करू शकत नाही. मग पाणी येतं. "चहा टाकते" असं आतून ऐकू येतं. "नको, नको, आत्ताच झाला" हे म्हणावं लागतं आणि ते कोणी ऐकत नाही. चहाबरोबर चिवडा येतो. चिवडा खाल्ल्यावर गाव कोणतं, याची चौकशी होते आणि दोघांच्या गावांत एकच नदी निघते. "बरं, काही काम होतं का?" असं यजमान विचारतात, तेव्हा तोंडात त्यांचाच शेंगदाणा असतो. "छे, छे, काही विशेष नाही, सहजच आलो होतो," असं म्हणून माणूस खाली येतो. येताना त्याच्या हातात त्यांच्या गावाकडच्या लिंबांची पिशवी असते. त्या रात्री बारा वाजता खुर्च्या सरकतात, आणि आता लिंबं घेतल्यामुळे त्याला मनातसुद्धा शिव्या देता येत नाहीत.

म्हणून हे काम मी बायकोवर सोपवलं. ती एका सहकारी बँकेत काउंटरवर बसते. लोकांना न दुखवता 'नाही' म्हणण्याचा तिला पगार मिळतो.

तिने आधी काही आठवडे काहीच केलं नाही, फक्त ऐकलं. मला वाटलं, हीसुद्धा सहजच जाऊन येण्यातली निघाली. पण ती म्हणाली, आवाज नक्की कुठून येतोय हे कळल्याशिवाय कोणाच्या दारात उभं राहायचं नाही. याला कारण होतं. आमच्याच इमारतीतल्या एका निवृत्त गृहस्थांना रात्री छतावर गोट्या घरंगळल्यासारखा आवाज यायचा. त्यांनी वरच्या घराच्या नावे तीन पानी पत्र लिहिलं, त्यात संस्कारांवर दीड पान होतं, आणि ते दाराच्या फटीतून आत सरकवलं. ते घर महिनाभर बंद होतं. मंडळी मुलीच्या बाळंतपणाला गेली होती. गोट्या म्हणजे पाइपातल्या पाण्याचे धक्के निघाले. टाकीचा पंप बंद झाला की ते बसायचे. मंडळी परत आली, पत्र वाचलं, आणि तेव्हापासून दोन्ही घरांत फक्त वॉचमनमार्फत बोलणं होतं.

सिमेंट काँक्रीटच्या इमारतीत आवाज असाच फसवतो. टीव्हीचा, भांडणाचा आवाज हवेतून येतो. खिडकी लावली की तो कमी होतो. पण ठोकण्याचा, ओढण्याचा आवाज स्लॅबमध्ये शिरतो. तिथून तो तुळयांतून, खांबांतून, भिंतींतून वाट मिळेल तसा उतरतो, आणि डोक्यावर वाटणारा आवाज शेजारच्या विंगेतलाही असू शकतो. म्हणून बायकोने दोन गोष्टी केल्या. रात्री आवाज सुरू झाला की खिडकी लावून बघितली. काही फरक पडला नाही, म्हणजे तो स्लॅबमधून येत होता. मग खुर्ची ओरडली की घड्याळ बघायचं आणि कंपनीची बस चौकात कधी थांबली तेही बघायचं. बस आली की दहा-पंधरा मिनिटांत खुर्ची. रविवारी सुट्टी, त्या दिवशी खुर्च्या नऊलाच सरकल्या. एकदा शिफ्ट बदलली तो आठवडाभर रात्री बाराला काहीच नाही. आता शंका उरली नाही.

मी याच काळात एका कॉन्ट्रॅक्टरला विचारून आलो होतो, की बेडरूमला पीओपीचं छत केलं तर? तो उत्साहाने म्हणाला, "करू की." बायको म्हणाली, "पैसे देऊन आपण त्यांच्या खुर्चीखाली ढोल बांधणार. आणि भिंतींतून येतो त्याचं काय?" तिचं बरोबर होतं. असा आवाज जिथे जन्मतो तिथेच धरावा लागतो. एकदा तो काँक्रीटमध्ये शिरला की खालून त्याला अडवणं महागाचं काम. आणि तो जन्मतो लोखंडी पाय आणि फरशी यांच्या मधल्या जागेत, म्हणजे रुपया-दोन रुपयांच्या जाडीत. मागायचं असेल तर तिथलं मागायचं.

रविवारी सकाळी साडेदहाला ती वर गेली. हीसुद्धा निवडलेली वेळ होती. रात्री आवाज चालू असताना गेलं तर आपण चिडलेले असतो आणि ते जेवत असतात. दोन्ही स्थितींत माणूस धड बोलत नाही. रविवारी साडेदहाला आंघोळी झालेल्या असतात, स्वयंपाकाची घाई सुरू व्हायची असते आणि नळाला पाणी येऊन गेलेलं असतं. मी एक पायरी खाली, भिंतीआड, नैतिक पाठिंबा म्हणून उभा होतो.

दार उघडलं. काकू म्हणाल्या, "अगं बाई, तू? ये, बस."

"नाही काकू, बसत नाही. गॅसवर दूध ठेवून आलेय."

मी भिंतीआडून मनातल्या मनात हात जोडले. गॅसवरच्या दुधापुढे महाराष्ट्रातला कोणताही पाहुणचार टिकत नाही. त्यात अपमान नाही, घाई आहे. घाईत माणूस मुद्द्याचं बोलू शकतो आणि ते कोणाला उद्धटपणाचं वाटत नाही.

"मग काय गं, काय हवंय?"

"रात्री बाराच्या सुमाराला तुमच्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या सरकतात ना काकू, तो आवाज आमच्या बेडरूममध्ये डोक्यावर येतो. दादाची शिफ्ट आहे, जेवण तेव्हाच होणार, त्याला इलाज नाही. तुमचं काही नाही, बिल्डरनेच स्लॅब तसा टाकलाय."

इथे थोडं थांबून या वाक्याकडे बघायला हवं. "तुम्ही फार आवाज करता" असं ती म्हणाली नाही. कोणता आवाज, किती वाजता, कुठल्या खोलीत, एवढंच सांगितलं. "रात्री शांतता पाळा" असं सांगितलं असतं तर काकूंनी विचारलं असतं, "आम्ही काय नाचतो का?" खुर्चीबद्दल तसं म्हणता येत नाही. त्यांचं उशिराचं जेवण तिने आधीच मान्य करून टाकलं, त्यामुळे मुलाची बाजू घेऊन उभं राहायची काकूंना गरजच उरली नाही. आणि शेवटी सगळा दोष बिल्डरवर टाकला. घरांमधला स्लॅब पाच-सहा इंचांचाच असतो आणि उघड्या फरशीवर लोखंड ओढलं तर तो कोणाच्याही इमारतीत वाजेल. पण ते सांगायची ती वेळ नव्हती. दोन मजल्यांना एकत्र आणायचं असेल तर बिल्डरसारखी दुसरी व्यक्ती नाही.

"त्या मेल्याचं नाव काढू नकोस!" काकू एकदम आमच्या पक्षात आल्या. "आमच्या मोरीचा उतार उलटा दिलाय त्याने!" मग उताराची हकिगत झाली. ती संपल्यावर काकू म्हणाल्या, "पण खुर्च्यांचा एवढा काय आवाज येणार गं? आम्हाला तर काहीच वाटत नाही."

आणि हे खरंच होतं. वर बसलेल्याला खुर्चीचा 'कर्र' एवढाच ऐकू येतो. खाली तोच आवाज म्हैस अंगणातून ओढत नेल्यासारखा येतो. आवाज करणाऱ्याने तो खालून कधी ऐकलेलाच नसतो, आणि निम्मी भांडणं यामुळे होतात. बायको म्हणाली, "संध्याकाळी दोन मिनिटं खाली या ना. काकांना म्हणावं, वरून खुर्ची ओढा." आणि दुधाचं निमित्त करून ती निघाली.

संध्याकाळी काकू आमच्या पलंगावर पदर सावरून बसल्या. हातात फोन, स्पीकर चालू. वर काका सज्ज.

"ओढू?" काका.

"ओढा."

छतातून तो आवाज आला. काकू दचकून वर बघायला लागल्या. "अहो, काय पाडलंत?"

"काही नाही पाडलं. खुर्ची ओढली."

"हळू ओढा की!"

"हळूच ओढली."

"पुन्हा ओढा बघू." पुन्हा तेच. काकूंचा चेहरा उतरला. मग त्यांनी काकांना एकेक खुर्ची ओढायला लावली. काकांना यात रस वाटू लागला होता. त्यांनी न सांगता टेबलही सरकवलं आणि विचारलं, "हे कसं आलं?" शेवटी काकू माझ्या बायकोला म्हणाल्या, "हे तू इतके दिवस ऐकत होतीस आणि मला बोलली नाहीस?" म्हणजे दोष आमच्याकडे आला, पण फार चांगल्या मार्गाने आला.

तेव्हा बायकोने ड्रॉवरमधून चार रबरी टोप्या काढल्या. खुर्चीच्या पायाला खालून बसवतात त्या. "आमच्या खुर्च्यांना आणल्या होत्या, चार जास्त आल्या. एका खुर्चीला लावून बघा." त्या जास्त आलेल्या नव्हत्या, मुद्दाम आणलेल्या होत्या. पण चोवीस नेऊन दिल्या असत्या तर तो आहेर झाला असता आणि काकांच्या स्वाभिमानाला लागलं असतं. चार हा नमुना असतो.

नमुना बसला नाही. काकांच्या खुर्चीचा पाइप एक इंची, म्हणजे २५ मिलिमीटरचा, आणि टोप्या २२ च्या. पण काम भलत्याच कारणाने फत्ते झालं होतं; काकांच्या हाती आता एक तांत्रिक प्रश्न लागला होता. निवृत्त माणसाला यापरतं सुख नाही. ते स्वतः हार्डवेअरच्या दुकानात गेले, माप सांगून टोप्या आणल्या, आणि "चौघंच तर जेवतो" असा हिशेब करून सहापैकी चारच खुर्च्यांना लावल्या. तिसऱ्या दिवशी मुलाचा मित्र जेवायला आला आणि पाचव्या खुर्चीवर बसला. आम्ही काही बोललो नाही. सकाळी काकूच जिन्यात म्हणाल्या, "काल पाचवी वाजली ना गं?" त्या संध्याकाळी उरलेल्या दोन्हींना टोप्या लागल्या.

यापुढची गोष्ट लोक सांगत नाहीत. टोप्या कायमच्या नसतात. पोकळ पाइपाची कड रबराला आतून कापत जाते आणि काही महिन्यांत पाय तळातून बाहेर येतो. टोपी तर दिसते, पण फरशीला टेकलेलं असतं लोखंडच. खालच्या माणसाला हे लगेच कळतं. आवाज पूर्वीसारखा मोठा येत नाही, बारीक खर्र येतो. काकांनी यावर उपाय काढला. टोपीत आधी एक वायसर टाकायचा, मग ती बसवायची. चिकटवायच्या मऊ चकत्याही त्यांनी आणून बघितल्या, पण ओल्या फडक्याने फरशी पुसली की त्या सुटून फडक्याबरोबर जातात. काळ्या रबराचे पांढऱ्या फरशीवर डाग पडतात, म्हणून सुनेने एकदा सगळ्या टोप्या काढून टाकल्या होत्या. मग पांढऱ्या आल्या. दिवाळीच्या सफाईत काका आता टोप्या तपासतात आणि मला मोबाइलवर फोटो पाठवतात.

खलबत्त्याची वाटाघाट जास्त अवघड होती, कारण तिथे चवीचा प्रश्न होता. चटणी नऊ वाजता कुटून ठेवा, असं सुचवल्यावर काकू म्हणाल्या, "मग मिक्सरच काय वाईट होता?" अखेर जुन्या पायपुसण्याची चौपदरी घडी खलबत्त्याखाली आली. आवाज बंद झाला नाही, पण कवटीतून मानेपर्यंत उतरला. तेवढ्यावर आम्ही समाधान मानलं. लसणाची चटणी खालीही येते, हेही त्यात आलं.

सगळ्या टोप्या लागल्यावर आठ-दहा दिवसांनीच दाराची बेल वाजली होती. काकू उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या.

"ये-बस म्हणू नकोस," त्या म्हणाल्या, "मीही गॅसवर दूध ठेवून आलेय."

त्यांचं म्हणणं असं की, आम्ही सकाळी सातला डब्याच्या भाजीला सुक्या मिरच्यांची फोडणी घालतो. तिचा ठसका आमच्या खिडकीतून निघून त्यांच्या बेडरूमच्या खिडकीत शिरतो, आणि रात्रपाळीवाल्यासारखा उशिरा झोपणारा त्यांचा मुलगा खोकत उठतो. "तुमचं काही नाही गं," काकू म्हणाल्या, "बिल्डरने खिडक्याच अशा ठेवल्यात."

आवाज खाली येतो आणि वास वर जातो, एवढा साधा हिशेब आम्ही कधी मांडला नव्हता. मागणं मान्य झालं की थोड्याच दिवसांत उलटं मागणं येतं, आणि ते जागच्या जागी मान्य करायचं असतं. त्यात घासाघीस केली तर टोप्या निघतात. बायकोने "हो काकू" म्हटलं. आता मिरच्या तेलात पडल्या की लगेच झाकण, एक्झॉस्टचा पंखा आधीपासून चालू, आणि स्वयंपाकघराची त्यांच्या बेडरूमच्या बाजूची खिडकी नऊपर्यंत बंद. स्वयंपाकघरात मी खोकतो, पण खोकल्याचा आवाज वर जात नाही, हे काकांनी तपासून कळवलं आहे.

हा करार कुठल्याही कागदावर नाही. सेक्रेटरींना कुठून तरी कळलं आणि ते जरा नाराज झाले. म्हणाले, "रीतसर अर्ज केला असता तर कमिटीने विषय घेतला असता." घेतला असता यात शंका नाही. दोन वर्षांपूर्वी जिन्यातल्या चपलांच्या कपाटांचाही विषय घेतला होता. त्यावर उपसमिती नेमली गेली, तिच्या चार बैठका झाल्या, आणि त्या बैठकांना बसायला आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या अजून जिन्यातच रचून ठेवलेल्या आहेत.